सार्थ अंक आणि गुणाकारातील त्रुटिप्रसार

मापनातून मिळालेल्या संख्येतील खात्रीचे अंक आणि त्यांच्या लगेच पुढचा एक अनिश्चित अंक यांना मिळून त्या मापनाचे सार्थ अंक म्हणतात. एखाद्या दांड्याचा व्यास १२.६ मिमी असा लिहिला, तर १ आणि २ हे अंक खात्रीचे असून ६ हा अंक थोडा खालीवर होऊ शकतो. या मापनात तीन सार्थ अंक आहेत. एकक बदलल्याने ही संख्या बदलत नाही. तोच व्यास ०.०१२६ मीटर असा लिहिला, तरी सार्थ अंक तीनच राहतात, कारण सुरुवातीची शून्ये केवळ दशांशचिन्हाचे स्थान दाखवतात. शेवटच्या शून्याची गोष्ट निराळी आहे. १२.६० मिमी असे लिहिणारा, शंभरांश मिलिमीटरपर्यंत मोजले असल्याचा दावा करत असतो.

मोजलेल्या राशींचा गुणाकार किंवा भागाकार केला की प्रत्येक मापनातील अनिश्चितता उत्तरात उतरते. तिला त्रुटिप्रसार म्हणतात. येथे त्रुटी म्हणजे मोजणाऱ्याची चूक नव्हे; काळजीपूर्वक मोजूनही उपकरणाच्या मर्यादेमुळे जी अनिश्चितता उरते, ती त्रुटी होय. उत्तरात किती अंक ठेवायचे हे या त्रुटीवरून ठरते, गणकयंत्राच्या पडद्यावर किती अंक दिसतात यावरून नाही.

## एक उदाहरण : तांब्याचा दांडा

एक लहान दंडगोल दांडा तांब्याचा म्हणून मिळाला आहे. तो शुद्ध तांब्याचा आहे की त्यात जस्त मिसळले आहे, हे घनतेवरून पाहायचे आहे. शुद्ध तांब्याची घनता सामान्य तापमानाला ८.९६ ग्रॅम प्रति घन सेंमी असते. सुमारे ५ टक्के जस्त मिसळलेल्या मिश्रधातूची घनता ८.८६ च्या आसपास येते. म्हणजे ओळखायचा फरक सुमारे एक टक्क्याचाच आहे.

शाळेच्या प्रयोगशाळेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या, ०.१ मिमी लघुतम मापाच्या व्हर्नियर कॅलिपरने दांडा मोजला. व्यास १२.६ मिमी आणि लांबी ३८.४ मिमी भरली. दोन्हींतील त्रुटी ±०.१ मिमी धरू. तराजूवर वस्तुमान ४२.६३ ग्रॅम भरले; त्यातील त्रुटी ±०.०१ ग्रॅम. घनतेचे सूत्र असे आहे :

ρ = 4m / (πD²L)

यात m हे वस्तुमान, D हा व्यास आणि L ही लांबी होय. मापे सेंटिमीटरमध्ये घेऊन आकारमान ४.७८८०९ घन सेंमी येते आणि घनता ८.९०३३ ग्रॅम प्रति घन सेंमी. आता हा आकडा पाहून एखादा विद्यार्थी म्हणेल की हा ८.९६ नाही, म्हणून दांड्यात भेसळ आहे. तो असे म्हणतो याचे कारण ८.९०३३ मधील पाचही अंक त्याला सारखेच खरे वाटतात.

## त्रुटी कशा जुळतात

गुणाकारात किती मिलिमीटरची त्रुटी आहे, यापेक्षा ती मूळ मापाचा कितवा हिस्सा आहे हे महत्त्वाचे असते. या हिश्श्याला सापेक्ष त्रुटी म्हणतात आणि ती बहुधा टक्क्यांत सांगतात. एका आयताची लांबी १ टक्क्याने आणि रुंदी २ टक्क्यांनी जास्त मोजली गेली, असे समजू. मग क्षेत्रफळ १.०१ × १.०२ = १.०३०२ पट येईल. वाढ जवळजवळ ३ टक्के, म्हणजे दोन्ही त्रुटींची बेरीज आहे. वर उरलेले ०.०२ टक्के हे दोन त्रुटींच्या परस्पर गुणाकारातून आले असून त्रुटी लहान असताना ते सोडून देता येते.

भागाकारात त्रुटी वजा होत असतील, असे अनेकांना वाटते. पण त्रुटी कोणत्या दिशेची आहे हे माहीत नसते. अंश १ टक्क्याने जास्त आणि छेद २ टक्क्यांनी कमी मोजला गेला, तर १.०१ ÷ ०.९८ म्हणजे सुमारे १.०३१ पट उत्तर मिळते. म्हणून कमाल त्रुटी काढताना भागाकारातही बेरीजच करतात. एखादी राशी वर्गात असेल, तर तीच त्रुटी त्याच दिशेने दोनदा येते आणि दुप्पट मोजावी लागते.

दांड्याच्या उदाहरणात व्यासाची सापेक्ष त्रुटी ०.१ ÷ १२.६, म्हणजे ०.७९ टक्के आहे. व्यास वर्गात असल्याने ती १.५९ टक्के होते. लांबीची त्रुटी ०.२६ टक्के आणि वस्तुमानाची जेमतेम ०.०२ टक्के आहे. एकूण १.८७ टक्के. ८.९०३ चे १.८७ टक्के म्हणजे ०.१७. तेव्हा घनता ८.९०३३ नसून सुमारे ८.९ ± ०.२ आहे, ती ८.७ पासून ९.१ पर्यंत कोठेही असू शकते. या पट्ट्यात शुद्ध तांबेही बसते आणि ५ टक्के जस्ताचा मिश्रधातूही. भेसळ आहे की नाही, याविषयी हे मापन काहीच सांगू शकत नाही.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते. एकूण त्रुटीतील मोठा वाटा एकट्या व्यासाचा आहे. अधिक महागडा तराजू आणून काही साधणार नाही. सुधारणा करायची ती व्यासाच्या मापनात.

## सार्थ अंकांचा नियम आणि त्याची मर्यादा

पाठ्यपुस्तकांतून शिकवला जाणारा नियम असा : गुणाकार-भागाकाराच्या उत्तरात, सर्वांत कमी सार्थ अंक असलेल्या मापनाइतकेच सार्थ अंक ठेवावेत. येथे व्यास आणि लांबी तीन सार्थ अंकांची असल्याने नियमाप्रमाणे उत्तर ८.९० होईल. पण वर काढलेल्या त्रुटीनुसार पहिला दशांशच अनिश्चित आहे, त्यामुळे ८.९० मधील शून्याला अर्थ नाही. नियम व्यासाचा वर्ग लक्षात घेत नाही, म्हणून येथे तो उत्तराला अधिक अचूक ठरवतो.

कधी उलटेही घडते. ९.८ (±०.१) आणि १.२४ (±०.०१) यांचा गुणाकार १२.१५२ येतो. नियम म्हणतो, दोनच अंक ठेवा : १२. प्रत्यक्षात सापेक्ष त्रुटी १.०२ आणि ०.८१ टक्के असून उत्तर १२.२ ± ०.२ असे लिहिता येते. ९.८ मध्ये अंक दोनच असले, तरी त्याची सापेक्ष त्रुटी १.२४ च्या त्रुटीजवळच आहे. सार्थ अंकांचा नियम हा त्रुटीच्या हिशेबाचा ढोबळ पर्याय आहे. त्रुटी ठाऊक असतील तेव्हा हिशेबच करावा. नुसत्या संख्या हाती असतील तेव्हा नियम बरा.

## अंक कमी करणे

अनावश्यक अंक सोडून जवळची संख्या घेण्याच्या क्रियेला वर्गात सर्रास ‘राउंडिंग ऑफ’ म्हणतात. सोडायचा भाग अर्ध्यापेक्षा कमी असेल तर मागचा अंक तसाच ठेवतात, जास्त असेल तर एकाने वाढवतात. भाग नेमका अर्धा असेल तेव्हा काय करावे, याविषयी दोन प्रथा आहेत. शालेय गणितात मागचा अंक नेहमी वाढवतात. भारतीय मानक आयएस २ प्रमाणे मागचा अंक विषम असेल तरच तो वाढवतात, सम असेल तर तसाच ठेवतात, त्यामुळे ८.३५ चे ८.४ होते आणि ८.४५ चेही ८.४. नेहमी वरच ढकलल्याने मोठ्या बेरजांत जो एकतर्फी फुगवटा येतो, तो या पद्धतीने टळतो.

अंक कमी करणे एकाच टप्प्यात व्हावे. ८.४४६ चे थेट ८.४ होते, पण आधी ८.४५ आणि मग शालेय प्रथेने ८.५ केले, तर उत्तर बदलते.

याहून मोठे नुकसान मधल्या पायरीवर अंक कमी केल्याने होते. दांड्याच्या पायाचे क्षेत्रफळ १.२४६९ चौ. सेंमी येते. उत्तर शेवटी दोनच अंकांचे राहणार आहे, म्हणून हे क्षेत्रफळ आधीच १.२ केले, तर आकारमान ४.६ आणि घनता ९.३ होते. हे उत्तर ८.७ ते ९.१ या पट्ट्याच्याही बाहेर आहे. मोजणाऱ्याने जी त्रुटी केली नव्हती, ती हिशेबाने निर्माण केली. म्हणून मधल्या पायऱ्यांत दोन-तीन अंक जास्त बाळगावेत आणि अखेरीस एकदाच कमी करावेत.

## सुधारलेले मापन

आता व्यास ०.०१ मिमी लघुतम मापाच्या मायक्रोमीटर स्क्रूगेजने घेतला. तो १२.५७ मिमी भरला. नेहमीचा स्क्रूगेज २५ मिमीपर्यंतच मोजतो, म्हणून लांबीसाठी ०.०२ मिमी लघुतम मापाचा व्हर्नियर वापरला, ती ३८.३६ मिमी भरली. वस्तुमान पूर्वीचेच. आकारमान ४.७६०३५ घन सेंमी आणि घनता ८.९५५२ येते. सापेक्ष त्रुटी व्यासामुळे ०.१६, लांबीमुळे ०.०५ आणि वस्तुमानामुळे ०.०२, अशी एकूण ०.२३ टक्के, म्हणजे ०.०२ ग्रॅम प्रति घन सेंमी. उत्तर ८.९६ ± ०.०२ असे लिहावे. ८.८६ आता स्पष्टपणे पट्ट्याबाहेर आहे आणि ५ टक्के जस्ताची शंका फिटते. एक टक्क्यापेक्षा बरीच कमी भेसळ असेल, तर मात्र हे मापनही ती पकडणार नाही.

इतक्या अचूकतेला पोहोचल्यावर π ची किंमतही जपून घ्यावी लागते. २२/७ ही किंमत खऱ्या π पेक्षा ०.०४ टक्के मोठी आहे. पहिल्या मापनात त्याने काहीच बिघडत नव्हते. येथे मात्र घनता ८.९५ येते आणि शेवटचा अंक बदलतो.

## कमाल त्रुटी आणि संभाव्य त्रुटी

वरची बेरीज सर्व त्रुटी एकाच वेळी प्रतिकूल दिशेने पडल्या असे धरते. त्रुटी परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर असे क्वचितच घडते. म्हणून वरच्या वर्गांत आणि संशोधनात सापेक्ष त्रुटींच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ घेतात. पहिल्या मापनात असे केल्यास १.८७ ऐवजी १.६१ टक्के मिळतात. फरक थोडाच पडतो, कारण व्यासाच्या त्रुटीपुढे बाकीच्या नगण्य आहेत. व्यासाच्या त्रुटीची दुप्पट मात्र आधीच करावी लागते, कारण वर्गातील दोन व्यास हे एकच मापन आहे. त्यांतील त्रुटी स्वतंत्र नाहीत.

या दोन्ही पद्धती उपकरणाच्या एकतर्फी दोषाविषयी काहीच सांगत नाहीत. स्क्रूगेजची शून्य त्रुटी +०.०३ मिमी असून ती वजा करायची राहिली, तर व्यास १२.५७ ऐवजी १२.६० वाचला जाईल. मग घनता ८.९१ ± ०.०२ येईल आणि शुद्ध तांब्याचा दांडा भेसळीचा ठरेल. दहा वेळा मोजून सरासरी काढली, तरी तो आकडा हलणार नाही. म्हणून मापनापूर्वी स्क्रूगेजचे जबडे मिटवून वर्तुळाकार पट्टीवरील शून्य मुख्य पट्टीच्या रेषेशी जुळते का, हे पाहतात आणि जेवढा फरक असेल तेवढा प्रत्येक वाचनातून चिन्हासह वजा करतात.