एक नंबर, दोन माणसं!

बँकांचं विलीनीकरण तुम्ही पाहिलंय. 1 एप्रिल 2019 ला विजया आणि देना बँक बडोदा बँकेत विलीन झाल्या, पण त्या दोन बँकांचे जुने आयएफएससी कोड बंद झाले ते मार्च 2021 मध्ये. एवढा वेळ कशाला लागतो? फलक तर एका रात्रीत बदलता येतो! खरी कसोटी असते ती ग्राहकांच्या याद्या एक करताना. ती कशी, हे एका छोट्या उदाहरणातून बघूया.

समजा, पुण्यातल्या औषध दुकानांच्या एका साखळीने कोल्हापूरची साखळी विकत घेतली. पुण्याकडे 6 लाख ग्राहक, कोल्हापूरकडे 4 लाख. दोघांनीही ग्राहक क्रमांक 1 पासून मोजलेत. म्हणजे 10452 हा नंबर पुण्यात एका आजोबांचा आहे आणि कोल्हापुरात एका कॉलेजकन्येचा. दोन्ही याद्या तशाच एकत्र ओतल्या, तर तिची बिलं आजोबांच्या नावावर जातील.

यावर सोपा उपाय म्हणजे जुना नंबर एकटा कधीच वापरायचा नाही. तो कुठून आला हेही सोबत लिहायचं आणि प्रत्येक ग्राहकाला कोरा नवा नंबर द्यायचा. जुन्या-नव्याची जोडी एका तक्त्यात कायम राहते:

```
source  old_id  new_id
PUN     10452   700318
KOP     10452   912077
KOP     88310   700318
```

तिसरी ओळ नीट बघा. कोल्हापूरचा 88310 आणि पुण्याचा 10452 हे एकच आजोबा आहेत! लेकीकडे कोल्हापूरला गेले की ते तिथून गोळ्या घेतात. पण हे कॉम्प्युटरला कळणार कसं?

प्रत्येक नोंद प्रत्येकीशी ताडून बघायची, तर 6 लाख गुणिले 4 लाख, म्हणजे 24 हजार कोटी तुलना होतात. म्हणून आधी गट पाडतात. मोबाइल नंबर सारखा असलेल्या नोंदींचा एक गट, आडनाव आणि जन्मवर्ष सारखं असलेल्यांचा दुसरा. तुलना फक्त गटाच्या आतच करायची. त्याआधी साफसफाई मात्र हवीच. मोबाइलच्या आधीचं +91 किंवा शून्य काढून शेवटचे दहा आकडे ठेवायचे. ‘सुनीता’ आणि ‘सुनिता’ ही दोन माणसं समजायची नाहीत.

मग जुळण्याला गुण देतात. भरपूर गुण मिळाले तर नोंदी आपोआप एक होतात, अगदी कमी मिळाले तर वेगळ्या राहतात आणि मधल्या जोड्या माणूस तपासतो. गंमत अशी की सगळ्यात भरवशाचा वाटणारा मोबाइलच इथे दगा देतो. आपल्याकडे अख्ख्या घराचा एकच नंबर दुकानात दिलेला असतो. शिवाय घाईत काउंटरवरच्या माणसाने 9999999999 टाकलेला असतो, नाहीतर जन्मतारीख सरसकट 1 जानेवारी. एकाच नव्या नंबरखाली चाळीस जुन्या नोंदी दिसल्या, तर तो मोठा ग्राहक नव्हे. ती चूक आहे, हे ओळखा.

दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात, पण त्या सारख्या नाहीत. एकच माणूस दोनदा राहिला, तर त्याला दिवाळीच्या ऑफरचे दोन मेसेज जातील, बस्स. पण आई आणि मुलगी चुकून एक झाल्या, आणि ‘पेनिसिलिनची अॅलर्जी’ ही आईची नोंद दोघींपैकी कुणाची हेच कळेनासं झालं, तर? पुढे कुणीतरी ती नोंद ‘जुनी असेल’ म्हणून पुसली, तर ते आईच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून शंका असेल तिथे नोंदी वेगळ्याच ठेवायच्या.

नोंदी एक करतानाही सरसकट नियम चालत नाही. पत्ता सगळ्यात अलीकडचा घ्यायचा, अॅलर्जी मात्र दोन्हीकडच्या सगळ्या ठेवायच्या. एका ठिकाणी ‘मला मेसेज नको’ असं सांगितलं असेल, तर नवीन यादीतही नकोच. आणि मूळ नोंदी पुसायच्या नाहीत, कारण चूक सापडली की त्या पुन्हा वेगळ्या करता आल्या पाहिजेत.

शेवटी साधा हिशेब. 80 हजार नोंदी दुसऱ्या नोंदींत मिसळल्या असतील, तर नवे ग्राहक बरोबर 9 लाख 20 हजार भरले पाहिजेत, पण जोड्यांच्या तक्त्यात ओळी 10 लाखच हव्यात. बिलांची एकूण रक्कमही आधी होती तेवढीच. एका रुपयाचा जरी फरक आला, तरी जुनी यंत्रणा बंद करायची नाही. आधी तो रुपया कुठे गेला ते शोधायचं.