समजून घ्या : ५० पौंडांचे ७२ हजार झाले, तरी ‘कॅश-आउट’ स्वस्तात गेला का?

इंग्लिश प्रीमियर लीगच्या २०१५-१६ हंगामाआधी लेस्टर सिटी विजेता ठरेल यावर ब्रिटनमधील बुकमेकर ५०००-१ असा भाव देत होते. एका चाहत्याने ५० पौंड लावले. मार्च २०१६ मध्ये लेस्टर अव्वल असताना त्याने सुमारे ७२ हजार पौंड घेऊन पैज मध्येच बंद केली. २ मे रोजी लेस्टर विजेता ठरला. तो थांबला असता तर अडीच लाख पौंड मिळाले असते. मग त्याचा निर्णय चुकला का?

आधी कोणता आकडा काढायचा?
कॅश-आउट म्हणजे निकालाआधीच पैज बुकमेकरला परत विकणे. इथे लावलेले ५० पौंड विसरायचे. तुलना पूर्ण बक्षिसाशी करायची. ७२ हजार भागिले अडीच लाख म्हणजे सुमारे २९ टक्के. लेस्टर जिंकण्याची खरी शक्यता त्या दिवशी २९ टक्क्यांहून जास्त असेल, तर ऑफर कमी. त्याहून कमी असेल, तर ऑफर चांगली.

खरी शक्यता कशी कळणार?
नेमकी कळत नाही, पण बाजारभावातून अंदाज येतो. उदाहरणादाखल, त्या वेळी लेस्टरवर एका पौंडाला मुद्दलासह २.२५ पौंड मिळत होते असे समजू. १ भागिले २.२५ म्हणजे ४४ टक्के. पण सगळ्या संघांची अशी टक्केवारी मिळवली, तर बेरीज १०० ऐवजी, समजा, १११ येते. वरचे ११ म्हणजे बुकमेकरचे मार्जिन. ४४.४ ला १.११ ने भागले की ४० टक्के उरतात.

अडीच लाखांचे ४० टक्के म्हणजे एक लाख पौंड. या हिशेबाने ७२ हजारांची ऑफर २८ हजारांनी कमी ठरते.

ऑफर कमी का असते?
बुकमेकर पैज घेताना मार्जिन ठेवतो आणि परत विकत घेताना पुन्हा कापतो. ग्राहक दोनदा मोजतो.

मग कॅश-आउट नेहमीच चूक?
नाही. खरी शक्यता २५ टक्केच असती, तर पैजेची किंमत ६२,५०० पौंड होती आणि लेस्टर पुढे जिंकला तरी ७२ हजार घेणे फायद्याचेच होते. निकालावरून ऑफर जोखता येत नाही. शिवाय ज्याला हातातले ७२ हजार गमावणे परवडणारे नाही, तो खात्रीच्या रकमेसाठी थोडी किंमत मोजू शकतो. फक्त ती किंमत किती, हे बटण दाबण्यापूर्वी माहीत हवे.

(भारतात २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे.)