गुहेच्या भिंतीतली फट

संगणकावरच्या खेळातली एक गुहा. चहूकडे मिट्ट काळोख, हातात मशाल, समोर खडबडीत भिंत. आणि त्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत केसाएवढी एक निळी रेघ चमकते. जमिनीच्या इतक्या खोल पोटात आकाश दिसायचं काही कारण नसतं. पण ही भिंत अखंड नाही, ती तुकड्या-तुकड्यांनी बनलेली आहे. दोन तुकडे जिथे भेटतात तिथे ते नीट जुळलेले नाहीत आणि फटीतून पलीकडचा निळा रंग डोकावतो आहे.

ही फट का पडते, हे कळायला आधी भिंत कशी तयार होते ते पाहायला हवं.

अशा खेळांमध्ये दगड दगडाच्या रूपात कुठेच साठवलेला नसतो. असतात ते फक्त आकडे. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही दिशांना दर एक मीटरवर एक ठिपका मांडला आहे अशी कल्पना करावी. ठिपक्यांची रांगोळी असते तशी, फक्त थरावर थर रचलेली. या ठिपक्याला व्हॉक्सेल म्हणतात आणि प्रत्येक ठिपक्यावर घनतेचा एक आकडा असतो. आकडा शून्याहून जास्त असेल तर तिथे दगड, कमी असेल तर हवा. हे आकडे कोणी हाताने भरत नाही. केन पर्लिन यांनी १९८०च्या दशकात विकसित केलेल्या ‘नॉइज’सारखं एखादं सूत्र ते पुरवतं. कुठलीही जागा सांगितली की ते तिथला आकडा देतं, आणि जवळजवळच्या जागांचे आकडे एकमेकांपासून हळूहळूच बदलतात. त्यामुळे हवेच्या जागा सुट्या-सुट्या न पडता सलग पोकळ्या होतात, आणि त्या पोकळ्यांना आपण गुहा म्हणतो.

‘माइनक्राफ्ट’ प्रत्येक जागी सरळ एक चौकोनी ठोकळा ठेवतो. तिथे तेच शोभतं. खऱ्या गुहेसारखी वळणदार भिंत हवी असेल, तर दगड संपून हवा नेमकी कुठे सुरू होते तो पृष्ठभाग दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेत शोधावा लागतो.

तो शोधण्याची पद्धत इस्पितळांच्या गरजेतून आली. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणारे विल्यम लॉरेन्सन आणि हार्वे क्लाइन यांच्यापुढे सीटी आणि एमआरआय स्कॅनचे थर होते. प्रत्येक थरावर आकडेच आकडे, आणि त्यातून हाडाचा किंवा त्वचेचा पृष्ठभाग डॉक्टरांना दाखवायचा होता. १९८७ साली त्यांनी ‘मार्चिंग क्यूब्ज’ ही पद्धत प्रसिद्ध केली. तिचं पेटंटही होतं. त्याची मुदत २००५मध्ये संपली.

पद्धत अशी. शेजारशेजारचे आठ ठिपके घेतले की एक घन तयार होतो. आठ कोपऱ्यांपैकी कुठले दगडात आणि कुठले हवेत, याच्या शक्यता २५६. प्रत्येक शक्यतेसाठी घनाच्या कुठल्या कडांवर बिंदू घ्यायचे आणि ते जोडून कुठले त्रिकोण काढायचे, याचा तक्ता आधीच तयार असतो. संगणक एकेका घनापाशी जातो, तक्ता पाहतो, त्रिकोण मांडतो आणि पुढच्या घनाकडे वळतो. सगळे त्रिकोण मिळून जी जाळी होते तिला मेश म्हणतात. पडद्यावर दिसते ती हीच जाळी.

गुळगुळीतपणा येतो तो बिंदू कडेवर नेमका कुठे ठेवला यातून. समजा, एका उभ्या कडेचं खालचं टोक ५ मीटर उंचीवर आहे आणि तिथली घनता ०.६ आहे. वरचं टोक ६ मीटरवर, घनता उणे ०.२. एका टोकाला दगड, दुसऱ्याला हवा, म्हणजे पृष्ठभाग मध्येच कुठेतरी या कडेला छेदतो. कुठे, ते सांगणारं सूत्र एका ओळीचं आहे:

```
t = d0 / (d0 - d1)
```

इथे ०.६ भागिले ०.८, म्हणजे ०.७५. बिंदू ५.७५ मीटरवर बसतो. घनतेचे आकडे न ठेवता फक्त ‘दगड आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच साठवलं, तर प्रत्येक बिंदू कडेच्या मधोमध पडतो आणि भिंत पायऱ्यापायऱ्यांची दिसते. गुहा खडबडीत पण नैसर्गिक वाटण्याऐवजी कोपरे तासलेल्या ठोकळ्यांसारखी वाटू लागली, तर सूत्राकडे बोट दाखवण्याआधी आकडे कसे साठवले आहेत ते तपासावं.

आता तुकड्यांकडे. सगळं जग एकदम जाळीत बदलणं शक्य नसतं, म्हणून त्याचे चंक पाडतात. आपण एका बाजूला १६ घनांचा चंक धरू. खेळाडू जिकडे जाईल तिकडचे चंक तयार होतात, मागचे पुसले जातात. प्रत्येक चंक आपापली जाळी स्वतंत्रपणे बनवतो. शेजारचा चंक अजून जन्मलेलाही नसेल. तरीही दोघांच्या भिंती काटेकोर जुळायला हव्यात.

नवख्याची पहिली फट साध्या मोजणीतून येते. १६ घनांना १७ ठिपके लागतात, कारण शेवटच्या घनाची पलीकडची बाजूही हवी. १६च ठिपके घेतले तर १५ घन होतात आणि दर दोन चंकांमध्ये एक मीटर रुंदीची मोकळी पट्टी उरते. ही चूक लपत नाही. म्हणून पहिल्या चंकाने ० ते १६ आणि दुसऱ्याने १६ ते ३२ असे ठिपके घ्यायचे. सोळावा दोघांचा. त्या सामाईक पडद्यावरच्या कडा दोघांच्या सारख्या, घनता सारखी, सूत्र सारखं. मग दोघांनाही तोच ५.७५ मिळतो. इथेच या सगळ्या कामाची किल्ली आहे. जाळ्या झाल्यावर फटी बुजवत बसण्यात अर्थ नाही. सीमेवरचं प्रत्येक उत्तर दोघांनाही ठाऊक असलेल्या आकड्यांतूनच निघेल, अशी व्यवस्था आधी करावी.

पण आकडे कागदावर सारखे असले तरी संगणकात ते सारखे राहतीलच असं नाही. नेहमीच्या ३२ बिटांच्या दशांश आकड्याची अचूकता मर्यादित असते. खेळाच्या जगात मूळ बिंदूपासून एक लाख मीटर दूर गेलं, की लागोपाठच्या दोन आकड्यांमधलं अंतर जवळपास ८ मिलिमीटर होतं. मधली कुठलीही जागा त्या आकड्याला सांगताच येत नाही. त्यातून एका चंकाने बिंदू खालून वर मोजला आणि दुसऱ्याने वरून खाली, तर शेवटच्या अंकात फरक पडून सांध्यावर टिंबांएवढ्या ठिणग्या चमकू लागतात. उपाय दोन. कड नेहमी लहान क्रमांकाच्या ठिपक्याकडून मोठ्याकडे मोजायची. आणि बिंदूंच्या जागा चंकाच्या आतल्या मापात, म्हणजे ० ते १६ मध्येच ठेवायच्या. जगातलं चंकाचं ठिकाण वेगळं, पूर्णांकात जपायचं.

कधी कधी फट नसतेच, तरी सांधा दिसतो. भिंतीवर एक सरळ रेघ, तिच्या एका बाजूला उजेड किंचित जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. इथे दोष प्रकाशाचा आहे. पृष्ठभाग कुठल्या दिशेला तोंड करून आहे हे सांगणारा बाण, म्हणजे नॉर्मल, प्रत्येक बिंदूवर लागतो. बरेच जण आजूबाजूच्या त्रिकोणांची सरासरी काढून तो मिळवतात. चंकाच्या काठावरच्या बिंदूला मात्र आपल्याच बाजूचे त्रिकोण दिसतात, शेजारचे नाहीत, म्हणून दोन्हीकडचे बाण वेगळे निघतात. त्याऐवजी बाण थेट घनतेतून काढावा: घनता कुठल्या दिशेला सर्वांत वेगाने घटते ते पाहावं. त्यासाठी सोळाव्या ठिपक्याला पंधरावा आणि सतरावा असे दोन्ही शेजारी लागतात, म्हणजे चंकाभोवती सगळीकडून ठिपक्यांचा एक जादा थर. एका बाजूला १७ऐवजी १९ ठिपके झाले की एकूण ४,९१३चे ६,८५९ होतात, सुमारे ४० टक्के जास्त. ही किंमत मोजण्यासारखी आहे. प्रकाशाचा डाग डोळ्याला फटीइतकाच खुपतो.

फट खरी की प्रकाशाची, हे ओळखायची युक्ती सोपी आहे. पार्श्वभूमीचा रंग भडक गुलाबी करायचा आणि प्रत्येक त्रिकोण सपाट रंगात, छायाप्रकाशाशिवाय दाखवायचा. गुलाबी रेघ दिसली तर जाळीच तुटलेली आहे. सांधा गायब झाला तर नॉर्मल तपासायचे. आणि गुलाबी भोक चंकाच्या सीमेवर नसून आतच असेल तर संशय तक्त्यावर घ्यावा. घनाच्या एखाद्या बाजूचे समोरासमोरचे दोन कोपरे दगडात आणि उरलेले दोन हवेत असले, की त्रिकोण दोन तऱ्हांनी काढता येतात. शेजारच्या दोन घनांनी वेगवेगळी तऱ्हा निवडली की भोक पडतं. लॉरेन्सन-क्लाइन यांच्या मूळ मांडणीत हा दोष होता आणि तो १९८८मध्येच दाखवून दिला गेला.

सर्वांत हट्टी फट मात्र वेगळीच. दूरच्या गुहेत एवढा तपशील कशाला, म्हणून लांबचे चंक दोन-दोन मीटरच्या घनांनी बनवतात. आपल्याच उदाहरणातले आकडे पुन्हा घेऊ. जाड चंकाला ४ मीटरवर ०.६ आणि ६ मीटरवर उणे ०.२ एवढंच दिसतं, म्हणून त्याचा बिंदू ५.५ मीटरवर पडतो. बारीक चंक मधला ५ मीटरवरचा ठिपकाही पाहतो. तिथे समजा उणे ०.१ आहे. मग त्याच्या मते पृष्ठभाग ४.८६ मीटरवर आहे. दोघांचंही गणित बरोबर, आणि फट ६४ सेंटिमीटरची!

उघड्या मैदानावर अशा फटीला चंकाच्या काठावरून खाली एक झालर सोडून झाकता येतं. गुहेत ‘खाली’ ही दिशाच भरवशाची नाही. छत आहे, भिंत आहे, लटकणारे सुळके आहेत. एरिक लेंगील यांनी २०१०च्या आपल्या प्रबंधात मांडलेली ‘ट्रान्सव्हॉक्सेल’ पद्धत यावर खरा उतारा आहे. सीमेवरचे जाड घन थोडे आक्रसून मध्ये पातळ जागा करायची आणि तिथे दुवा जोडणारे खास घन बसवायचे. या घनाच्या बारीक बाजूला नऊ ठिपके असतात, जाड बाजूला त्यांतलेच चार कोपरे. नऊ ठिपक्यांच्या ५१२ शक्यता, त्यांचाही तयार तक्ता. घनाची एक बाजू बारीक जाळीशी तंतोतंत जुळते, दुसरी जाड जाळीशी. अट एवढीच की शेजारच्या चंकांच्या घनांत दुपटीपेक्षा जास्त फरक नको. एक मीटर रुंद भुयार जाड ठिपक्यांच्या मधून निसटून गेलं असेल, तर ते मात्र हा तक्ता परत आणू शकत नाही. ते जवळ गेल्यावरच भिंतीत उघडतं.

खेळाडू कुदळ मारतो तेव्हा हे सगळं पुन्हा पणाला लागतं. खणणं म्हणजे एका गोलाच्या आतल्या घनता कमी करणं. चंकाच्या कोपऱ्यावरचा ठिपका तब्बल आठ चंकांचा असतो. कुदळीचा घाव तिथे बसला, तर आठही ठिकाणी तो आकडा बदलायला हवा. नॉर्मलसाठी जादा थर ठेवला असेल तर सीमेपासून एक ठिपका आत झालेला घावही शेजाऱ्याला कळवावा लागतो. शिवाय या सगळ्या चंकांच्या नव्या जाळ्या पडद्यावर एकाच फ्रेममध्ये याव्या लागतात. एक आधी आणि एक नंतर आली तर क्षणभर भोक दिसतं. पायाखालच्या टकरीसाठी वापरली जाणारी जाळीही त्याच वेळी बदलावी लागते, नाहीतर दिसायला जमीन धड असते आणि खेळाडू तिच्यातून खाली पडतो.