'पडू दे, सकाळी उतरेल' म्हणण्याआधी श्वास मोजा

बेळगाव : लग्नाची हळद असो, जत्रा असो की हायवेवरच्या धाब्यावरची पार्टी, एखादा जास्त पिऊन आडवा झाला की बाकीचे म्हणतात, "पडू दे, सकाळी उतरेल." धोका नेमका इथेच असतो.

समजा, रात्री अकराला एकाने पैज लावून घटाघट दोन क्वार्टर मारल्या आणि साडेअकराला तो झोपला. पिणं थांबलं, पण पोटातली दारू अजून रक्तात जातच असते. त्यामुळे झोपल्यावरही नशा वाढते. मेंदूचा श्वासावरचा ताबा सुटतो, उलटी आली तर ती श्वासनलिकेत जाते.

आधी हाक मारा, खांदे जोरात हलवा. डोळे उघडून नीट उत्तर दिलं तरी एकटं सोडू नका. उठतच नसेल तर घड्याळ लावून छातीची हालचाल पूर्ण मिनिटभर मोजा. आठपेक्षा कमी श्वास, दोन श्वासांत दहा सेकंदांचा खंड, गार पडलेलं अंग, निळसर ओठ, झटके, यातलं एकही दिसलं तर थांबू नका. श्वास ठीक वाटला, पण माणूस जागाच होत नसला, तरीही १०८ लावा.

हा नंबर कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही चालतो. मात्र निपाणीच्या आसपास फोन पलीकडचा टॉवर कधी पकडेल याचा नेम नाही, म्हणून गावाबरोबर तालुका, जिल्हा आणि राज्यही सांगा.

गाडी येईपर्यंत त्याला कुशीवर वळवा. वरचा गुडघा पुढे दुमडा, वरचा हात गालाखाली घ्या, तोंड किंचित खाली ठेवा, म्हणजे उलटी बाहेर पडेल. अंगावर चादर टाका. लिंबूपाणी, ताक, कॉफी पाजू नका. घशात बोट घालून उलटी काढणं आणि गार पाण्याखाली धरणं तर नकोच. श्वास थांबला तर उताणा करून छातीच्या मधोमध मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा जोरात दाबा.

गावठी किंवा भेसळीची दारू असेल तर गोष्ट वेगळी. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. मिथेनॉल फसवं असतं. आधी साधी नशा वाटते, माणूस सावरतोही. खरं विष शरीरात नंतर तयार होतं, म्हणून बारा ते चोवीस तासांनी पोटदुखी, उलट्या, धाप सुरू होते आणि डोळ्यांपुढे धुकं येतं. याला हँगओव्हर समजून वेळ घालवला तर दृष्टी जाते, जीवही जातो. यावर उतारा आहे, डायलिसिसही करतात, पण ते दवाखान्यातच. 'उतारा' म्हणून घरी आणखी पाजणं घातक.

दवाखान्यात काय, किती आणि कधी प्यायली ते लपवू नका. पोलिसांच्या भीतीने बाटली फेकण्यापेक्षा उरलेली दारू सोबत न्या. त्याच बाटलीतली ज्यांनी घेतली त्यांनाही शोधा, त्रास नसला तरी तपासणीला आणा.