रेषा कुठे ओढायची?



मी कोथरूडहून बोलतेय. मागच्या महिन्यात बचत गटाची बैठक संपल्यावर एक ताई मागे थांबल्या. त्यांची मुलगी नववीत, इंग्रजी माध्यमात. तिचा निबंध शाळेने कॉम्प्युटरवरच्या डिटेक्टरमध्ये घातला. आकडा आला ८२. 'एआयकडून लिहून घेतला' म्हणून शून्य गुण. पोरगी रडून सांगत होती, मीच लिहिलाय. ताई मला विचारत होत्या, "८२ म्हणजे शंभरातले ८२ शब्द मशीनचे का गं?"

तसं नसतं. हे लिखाण मशीनच्या लिखाणासारखं किती वाटतं, याचा तो डिटेक्टरने बांधलेला अंदाज असतो. कितीच्या वर गेलं की 'मशीनचं' म्हणायचं, ती रेषा कुणीतरी माणूस ओढतो. आपण तांदूळ चाळतो तसंच. चाळणीची भोकं बारीक असली तर खडे तांदळातच राहतात, मोठी असली तर खड्यांबरोबर चांगली कणीही खाली जाते. दोन्ही चुका टाळणारी चाळण मिळत नाही.

आता हिशोब करू. आकडे मी समजण्यापुरते धरलेत. एका शाळेत २०० निबंध आले, त्यातले २० मशीनचे आणि १८० मुलांचे स्वतःचे. रेषा ५० वर ठेवली तर २० पैकी १८ सापडतात, पण १८० पैकी १८ निर्दोष मुलंही अडकतात. रेषा ९० वर नेली तर १० सापडतात, १० निसटतात, आणि निर्दोष फक्त २ अडकतात. ताईंची मुलगी ८२ वर होती. पहिल्या रेषेला ती चोर, दुसऱ्या रेषेला सुटलेली!

मग कुठली रेषा बरोबर? आधी ठरवावं लागतं की कुठली चूक किती महाग. शाळेत पोराच्या कपाळी खोटा डाग लागणं हे एक कॉपी निसटण्याच्या पाचपट वाईट, असं धरू. ५० च्या रेषेला तोटा होतो १८ गुणिले ५ अधिक २, म्हणजे ९२. ९० च्या रेषेला २ गुणिले ५ अधिक १०, म्हणजे २०. शाळेने रेषा वरच ठेवावी.

वर्तमानपत्राच्या कचेरीत हेच उलटं होतं. गावाकडून आलेल्या बातमीवर खोटी शंका आली तर उपसंपादक एक फोन करून खात्री करतो, दहा मिनिटं जातात. पण मशीनने रचलेली बातमी छापली गेली तर लोकांचा भरवसा जातो. तिथे निसटणं पाचपट महाग धरलं तर ५० च्या रेषेला तोटा २८, ९० च्या रेषेला ५२. यंत्र तेच, आकडे तेच, पण रेषा खाली आली. अर्थात शंका आली की फोनच करायचा, बातमी थेट केराच्या टोपलीत टाकायची नाही, हे धरूनच हा हिशोब आहे.

एक गोष्ट मात्र पुष्कळ शिक्षकांच्या ध्यानात येत नाही. समजा २०० पैकी चारच मुलांनी मशीन वापरलं. ९० च्या रेषेला त्यातली दोन सापडतील, आणि निर्दोष अडकणारी साधारण दोनच राहतील. म्हणजे पकडलेल्यांत निम्मी निर्दोष. म्हणून आकड्यावरून थेट शून्य देणं मला पटत नाही.

हे आकडे आपल्या शाळेचे कसे काढायचे? चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं ३० नोव्हेंबर २०२२ ला. त्याआधीच्या वार्षिक अंकांतले निबंध काढायचे आणि डिटेक्टरमध्ये घालायचे. ते मुलांचेच, तेव्हा जितके 'मशीनचे' ठरतील तितकी यंत्राची चूक. मग त्याच विषयांवर मशीनकडून काही निबंध लिहून घ्यायचे, आणि किती निसटतात ते बघायचं. पन्नास जुन्या निबंधांत एकही चूक निघाली नाही म्हणून निर्धास्त होऊ नये, शंभरात पाच-सहा चुका करणारं यंत्रसुद्धा पन्नासांत कधी कधी स्वच्छ दिसतं. मराठी निबंधांची चाचणी वेगळी करावी, इंग्रजीचा अनुभव तिथे चालेलच असं नाही.

आपल्या मुलांसाठी तर हे फार गरजेचं आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले ९१ निबंध त्यात घातले. सरासरी १०० पैकी ६१ निबंध यंत्रांनी मशीनचे ठरवले! परकी भाषा लिहिताना आपण ठरावीक, सोपे शब्द वापरतो, आणि असं अंदाज करता येण्यासारखं लिखाण या यंत्रांना मशीनचं वाटतं.

मी ताईंबरोबर शाळेत गेले. रेषा किती आणि कशावर तपासली, एवढंच विचारलं. रेषा ५० ची होती, यंत्रात आधीपासून होती तीच, आणि तपासलेली कशावरच नव्हती. मुलीने कच्च्या वहीतली खाडाखोड दाखवली. बाईंनी तिला निबंधाबद्दल पाच-सहा प्रश्न विचारले, तिने सांगितलं. गुण परत मिळाले. जुने वार्षिक अंक शाळेच्या कपाटात आहेत, बाई ते दिवाळीच्या सुट्टीत काढणार आहेत.