वेलांटी सर्वांत शेवटी

मसुदा लिहून झाला की लिहिणाऱ्याचा डोळा पहिल्यांदा जातो तो चुकलेल्या वेलांटीकडे. ती सुधारली की शेजारचा शब्द खटकतो आणि तो बदलला की वाक्य लांबलेले वाटू लागते. तासाभराने मजकूर बराच नेटका दिसतो, पण त्यात जे सांगायचे राहून गेले होते, ते राहिलेलेच असते. उलट आता ते सापडणे अधिक अवघड होते, कारण एवढ्या मेहनतीने घासलेले परिच्छेद मोडायला हात धजावत नाही.

अमेरिकेतल्या नॅन्सी सॉमर्स यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमकी हीच सवय टिपली होती. त्यांनी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातले वीस विद्यार्थी आणि पत्रकार, संपादक, अध्यापक अशी वीस मुरलेली लिहिणारी माणसे निवडली. प्रत्येकाने तीन निबंध लिहिले आणि प्रत्येक निबंधाचे दोनदा पुनर्लेखन केले. विद्यार्थ्यांच्या लेखी पुनर्लेखन म्हणजे शब्द बदलणे होते. एकच शब्द पुन्हा आला की ते दुसरा शोधत, पण आशयाला सहसा हात लावत नसत. अनुभवी मंडळी मात्र आधी आपल्या म्हणण्याचा आकार शोधत, मग वाचणाऱ्याच्या नजरेने मजकूर पाहत आणि शब्दांची काळजी पुढच्या फेऱ्यांवर सोपवत.

खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळात हा क्रम लेखकाच्या इच्छेवर अवलंबून नव्हता. आशयाचे आणि मांडणीचे सारे बदल हस्तलिखितावरच उरकावे लागत. एकदा जुळणी होऊन गॅली प्रूफ हातात आले, की परिच्छेद इकडचा तिकडे करणे म्हणजे कंपोझिटरचे काम पुन्हा करायला लावणे. प्रुफावर फक्त अक्षरे तपासायची. ‘सत्यकथा’ आणि मौज प्रकाशनाचे संपादक श्री. पु. भागवत लेखकांना लांबलचक पत्रे लिहून कथेच्या घडणीबद्दल चर्चा करत, ती या टप्प्याच्या खूप आधी. संगणकावर सगळेच कधीही बदलता येते. त्यामुळे क्रम पाळायचा तर तो आता लिहिणाऱ्याने स्वतःवर घालून घ्यावा लागतो.

तो कसा पाळायचा हे पाहण्यासाठी मोठ्या साहित्यकृतीची गरज नाही. घरोघरी ओळखीचा असलेला एक मसुदा उदाहरणासाठी घेऊ. समजा, एका गृहनिर्माण संस्थेत पाणी कमी येते आहे आणि सचिवांनी पालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला अर्ज लिहिला आहे. पहिल्या परिच्छेदात संस्था केव्हा स्थापन झाली ते आहे. दुसऱ्यात सभासद कर वेळेवर भरतात हे आणि पाणी म्हणजे जीवन हे. तिसऱ्यात अधिकारी मुद्दाम दुर्लक्ष करतात हा संताप आहे. चौथ्यात मुख्य गोष्ट येते: समोरचा रस्ता खोदल्यापासून दोन तास येणारे पाणी वीस मिनिटेच येते. पाचवा परिच्छेद टँकरच्या खर्चाचा. शेवटी ‘तरी हा प्रश्न त्वरित सोडवावा’.

पहिली फेरी आशयाची. या फेरीत पेन मजकुराला लावायचेच नाही. वेगळ्या कागदावर एका वाक्यात लिहायचे, की हा अर्ज वाचून समोरच्याने काय करावे. सचिव इथेच अडखळतात. ‘प्रश्न सोडवावा’ ही कृती नाही. कनिष्ठ अभियंत्याने नेमके कुठे जाऊन काय पाहायचे? त्यांच्या मनात असते ते असे: रस्त्याच्या कामात फाटकाजवळची जोडणी बिघडली असावी, ती तपासावी. मग दुसरा प्रश्न येतो, हे कशावरून? रस्ता खोदला आणि पाणी कमी झाले, या दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या एवढेच मसुद्यात आहे. त्याच वाहिनीवरच्या शेजारच्या इमारतीत काय स्थिती आहे? तिथेही पाणी कमी असेल तर दोष मुख्य वाहिनीत असण्याची शक्यता वाढते. तिथे पूर्वीसारखेच येत असेल तर शंका संस्थेच्या स्वतःच्या जोडणीवर येते. शेजारी विचारल्यावर कळते की तिथे पाणी नीट आहे. आता अर्ज साऱ्या परिसराच्या टंचाईचा उरत नाही. तो एका जोडणीच्या तपासणीचा होतो.

आशयाच्या फेरीचे खरे काम हे असे असते. ती फेरी नीट झाली की नाही, हे ओळखायची एक साधी खूण आहे. या फेरीत लिहिणाऱ्याला जागेवरून उठावे लागते. कोणाला तरी विचारावे लागते, जुने कागद काढावे लागतात. इथे पंप चालवणाऱ्याची वही काढली, तर त्यात रोजच्या वेळा सापडतात आणि ‘वीस मिनिटे’ या शब्दांना आधार मिळतो. आधीच्या दोन अर्जांच्या पोचपावत्या सापडतात, ग्राहक क्रमांक सापडतो. संस्थेचा इतिहास आणि पाण्याचे महत्त्व मात्र गळून पडते, कारण त्या एका वाक्याला त्यांचा काही उपयोग नाही.

दुसरी फेरी क्रमाची. प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात चार-पाच शब्दांत लिहायचे, की हा परिच्छेद काय सांगतो. मग मूळ मजकूर झाकून फक्त समास वाचायचा. सचिवांच्या समासात आता असे दिसते: कर वेळेवर, अधिकारी उदासीन, पाणी कमी, शेजारी ठीक, खर्च, मागणी. मागणी तळाशी गेली आहे, हे मजकूर वाचताना जाणवत नाही, समास वाचताना लगेच दिसते. अर्जाला तर यासाठी आयतीच जागा असते, ‘विषय’ आणि ‘संदर्भ’. ‘पाणी कमी येण्याबाबत’ या ओळीऐवजी ‘फाटकाजवळील जलजोडणीची तपासणी करण्याबाबत’ असा विषय लिहिला, की मागणी आपोआप सर्वांत वर येते. आधीचे अर्ज, त्यांच्या तारखा आणि आवक क्रमांक ‘संदर्भ’मध्ये जातात. उरलेल्या गोष्टी घडल्या त्या क्रमाने लावायच्या. आधी रस्त्याचे काम, मग वहीतल्या वेळा, मग शेजारची स्थिती आणि शेवटी खर्च.

या हलवाहलवीत एक नुकसान हमखास होते. परिच्छेद आपल्या जागेवरून उठतो, पण त्याच्या तोंडाशी असलेला ‘त्यामुळे’ तसाच सोबत जातो. आता त्याच्या आधी वेगळाच परिच्छेद असतो आणि त्या ‘त्यामुळे’ला कारणच उरत नाही. ‘हा प्रकार’, ‘वर म्हटल्याप्रमाणे’, ‘त्यांनी’ या शब्दांचेही असेच होते. म्हणून क्रम बदलला की निदान प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य पुन्हा वाचावे.

सुराची फेरी कानाने करायची असते. मजकूर मोठ्याने वाचावा आणि तो ज्याच्या हाती पडणार आहे, तो माणूस समोर बसला आहे अशी कल्पना करावी. सचिवांच्या मसुद्यात तीन वेगवेगळे आवाज ऐकू येतात. ‘उपरोक्त विषयास अनुसरून सदर संस्थेमार्फत’ हा कचेरीतला आवाज. ‘अधिकारी मुद्दाम दुर्लक्ष करतात’ हा जिन्यातल्या चर्चेतला. ‘कृपावंत होऊन’ हा तिसरा, अजिजीचा. तिघांपैकी एकही सचिवांचा रोजचा आवाज नाही. ‘आमच्या संस्थेत पाणी कमी दाबाने येत आहे’ असे सरळ वाक्य अर्जात पूर्ण शोभते आणि ‘आपण’ हे सर्वनाम पुरेसा मान राखते.

संतापाच्या वाक्याकडे मात्र नीट पाहायला हवे. ते नुसते मऊ करून भागत नाही. ‘मुद्दाम’ हा शब्द तिथे का आला? दोन अर्ज देऊनही उत्तर आले नाही, म्हणून. मग तेवढेच लिहावे: या आधी दोन अर्ज दिले असून त्यांचे उत्तर मिळालेले नाही. दोन्ही अर्ज वर ‘संदर्भ’मध्ये आहेतच. रागाचा शब्द बहुतेक वेळा अशा एखाद्या न लिहिलेल्या तथ्याच्या जागी बसलेला असतो. ते तथ्य लिहिले की राग वाचणाऱ्यापर्यंत पोचतो, आणि त्याला खोडून काढता येत नाही. कधी सुराच्या फेरीत असे तथ्य हाती नसल्याचे कळते. तेव्हा परत आशयाकडे जावे लागते आणि जायलाच हवे. सॉमर्स यांनाही अनुभवी लेखक सरळ पायऱ्या चढताना दिसले नव्हते. ते पुन्हापुन्हा मागे येत, फक्त प्रत्येक फेरीत त्यांचा भर वेगळ्या गोष्टीवर असे.

व्याकरण शेवटी का, याचे कारण मराठीत फार ठळक दिसते. आपल्याकडे नामाच्या लिंगानुसार विशेषण आणि क्रियापद बदलते. सुराच्या फेरीत सचिवांनी ‘तक्रार’ काढून ‘अर्ज’ घातला. मूळ वाक्य होते, ‘आमची मागील तक्रार पडून राहिली’. ते झाले, ‘आमची मागील अर्ज पडून राहिली’. पहिल्याच फेरीत वेलांट्या तपासल्या असत्या, तर ही चूक तेव्हा जन्मलेलीच नव्हती.

लेखनाचे नियमही इथेच हाताशी घ्यावेत. मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडली. या अर्जापुरता त्यांतला एक फार कामाचा आहे. मराठी शब्दातला शेवटून दुसरा ई-कार किंवा ऊ-कार दीर्घ असेल, तर विभक्ती लागताना तो सहसा ऱ्हस्व होतो. ‘जमीन’ दीर्घ, पण ‘जमिनीखालची वाहिनी’. ‘वकील’ दीर्घ, पण ‘वकिलांचा सल्ला’. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमातून सुटतात, म्हणून ‘शरीर’ आणि ‘शरीराला’ दोन्ही दीर्घच राहतात. शंका आली तर अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ उघडावा. संगणकातल्या तपासनीसावर पूर्ण भिस्त ठेवू नये. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. दोन्ही शब्द खरे असल्यामुळे चुकीच्या जागी बसलेला शब्द त्याला सहसा सापडत नाही.

ही फेरी अर्थाच्या ओघात वाहून जाते, कारण डोळा काय असायला हवे तेच वाचतो. त्यावर मुद्रितशोधकांचा एक उपाय आहे. मजकूर छापून घ्यायचा आणि शेवटच्या वाक्यापासून उलट वर वाचत यायचे. ओघ तुटला की प्रत्येक वाक्य एकटे पडते आणि त्यातली चूक दिसते.

चार ओळींच्या निरोपाला एवढा व्याप नको. वेळ अगदीच कमी असेल, तर सूर आणि व्याकरण एकाच वाचनात उरकता येतात, पण आशयाची फेरी मात्र वेगळीच हवी. सही करण्याआधी आकडे, तारखा आणि नावे मूळ कागदांशी ताडून पाहावीत. आपल्या सचिवांच्या अर्जाच्या तळाशी अजून ‘सोबत: २ कागद’ असेच लिहिलेले आहे. आशयाच्या फेरीत वहीतल्या पानाची प्रत जोडल्यापासून ते तीन झाले आहेत.