पत्र मुलाचे, पारख आई-वडिलांची

मुलगा लीड्सला नोकरी करतो आणि सांगलीच्या आई-वडिलांना दोन महिन्यांसाठी बोलावतो, तेव्हा घरात पहिली चर्चा होते ती स्टॅम्प पेपरची. किती रुपयांचा घ्यायचा, नोटरी इथला चालेल की तिकडचा? ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसासाठी ही धावपळ लागत नाही. तिथे प्रतिज्ञापत्राची सक्ती नाही, साध्या कागदावर सही केलेले पत्र चालते. नोटरीच्या शिक्क्याने फार तर सही कोणाची ते कळते. मजकूर खरा की खोटा, हे अधिकारी सोबतच्या कागदांवरून ठरवतो. मुलाखत बहुधा होतच नाही, त्यामुळे जे सांगायचे ते कागदांनीच सांगायचे असते.

खर्च दुसरा कोणी उचलणार असेल तर ब्रिटिश नियम तीन गोष्टी बघायला सांगतात. नाते खरे आहे का, तो माणूस तिथे कायदेशीरपणे राहतो का आणि तो हा खर्च करू शकेल का, शिवाय खरोखर करेल का.

नात्याचा पुरावा सोपा वाटतो, पण आपल्याकडे तो नेमका आईच्या नावावर अडतो. मुलाच्या जन्मदाखल्यावर तिचे एक नाव, लग्नानंतर बदललेले दुसरे, पासपोर्टवर आणखी तिसरेच. सांगलीतल्या माणसाला यात काही वावगे वाटत नाही. अधिकाऱ्याला मात्र त्या दोन वेगळ्या बायका दिसू शकतात. लग्नाचा दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र जोडून पत्रात एक वाक्य लिहिले की शंका मिटते. मराठी कागदांसोबत इंग्रजी भाषांतर हवे, त्यावर भाषांतरकाराचे नाव, सही, तारीख आणि संपर्क हवा. सातबारा नुसता जोडला तर तो वाचलाच जाणार नाही.

पैशाच्या बाबतीत लोक पगाराचा आकडा ठळक करतात. अधिकारी बघतो ते महिनाअखेरीस हाती काय उरते. समजा, मुलाच्या खात्यात दरमहा 2,600 पौंड येतात. भाडे 1,050 आणि कौन्सिल टॅक्स, वीज, किराणा, प्रवास मिळून 900 गेले की उरतात 650. पत्रात त्याने दोघांची विमानाची तिकिटे आणि दोन महिन्यांचा सगळा खर्च कबूल केला आहे. महिन्याच्या 650 मध्ये ते बसत नाही. पण सहा महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये 4,000 पौंडांची शिल्लक हळूहळू साठलेली दिसत असेल, तर बोलणे पटते. तेच 4,000 अर्जाच्या आठवडाभर आधी मित्राच्या खात्यातून एकदम आले असतील, तर ते उसने आणून दाखवलेले पैसे मानले जाण्याचा धोका असतो. आपल्याकडेही तेच. वडिलांच्या खात्यात महिन्याला 40,000 रुपये पेन्शन येते, शिल्लक कधी 70,000 च्या वर जात नाही आणि अचानक सहा लाख जमा होतात. ते उसाचे बिल असेल तर कारखान्याची पावती जोडावी, मोडलेली एफडी असेल तर बँकेचा कागद. मोठी रक्कम असणे हा दोष नाही. तिचा उगम न सांगणे नडते.

पत्राने न सुटणारा एक प्रश्न मात्र उरतोच, आणि माझ्या मते सर्वात जास्त दुर्लक्ष त्याकडेच होते. मुदत संपल्यावर हे दोघे परत जातील का? मुलगा कितीही श्रीमंत असला आणि त्याने ‘मी हमी देतो’ असे दहा वेळा लिहिले, तरी तो आई-वडिलांच्या मनाची हमी देऊ शकत नाही. परत येण्याची कारणे त्यांच्या इथल्या आयुष्यात सापडायला हवीत. चालू पेन्शन, घर, कसायला असलेली जमीन, घरात असलेली आजी, आधीच्या परदेशवाऱ्यांहून वेळेवर परतल्याचे शिक्के असे काहीही चालते. म्हणून मुलाची फाइल जाडजूड आणि वडिलांची दोन पानांची, असा अर्ज कच्चा राहतो.

पत्रातली मायेची वाक्येही तपासून लिहावीत. फॉर्ममध्ये दोन महिने आणि पत्रात ‘त्यांना वाटेल तितके राहू देत’ असे असेल, तर दोन्ही कागद एकमेकांना खोटे पाडतात. ‘सुनेची रजा संपते आहे, आई बाळाला सांभाळेल’ या वाक्यातून भेटीपेक्षा कामाचाच वास येतो. त्यापेक्षा येण्याजाण्याच्या तारखा, राहण्याचा पत्ता, घरातल्या खोल्या, कोणता खर्च कोण करणार आणि घर भाड्याचे असल्यास घरमालकाची परवानगी, एवढे एका पानात स्पष्ट लिहावे.

नकार आला तर या व्हिसावर सहसा अपील करता येत नाही. नकारपत्रात कारणे लिहिलेली असतात, त्यांना एकेक करून कागदानिशी उत्तर देत नवा अर्ज करायचा असतो आणि त्यात आधीचा नकार न लपवता सांगायचा असतो. खोटा कागद दिल्याचे ठरले, तर दहा वर्षांपर्यंत पुढचे अर्ज नाकारले जाऊ शकतात.